दोन दिवस चुकीच्या वहीत नोंद

बुधवारी रात्री तासगावच्या बेदाणेवाल्या काकांचा फोन आला, म्हणाले "अरे बाबा, आपलं नाव टाकून शोधलं की खाली सट्ट्याची पानं दिसायला लागलीत, मुंबईच्या पार्टीनं स्क्रीनशॉट पाठवलाय, ती झाली का तुझी नोंदणी?" नोंदणी म्हणजे गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये त्यांचं डोमेन व्हेरिफाय करणं, ते झालं की असली पानं शोधातून काढायला गुगलला सांगता येतं, आणि त्यातलं माझं काम मी मंगळवारी सकाळी दहा मिनिटांत उरकलं होतं असं मला वाटत होतं.

काकांचं मुख्य संकेतस्थळ ठीक होतं, घाण होती ती shop ने सुरू होणाऱ्या जुन्या सबडोमेनवर, जिथं तीनचार वर्षांपूर्वी कुणीतरी ऑनलाइन दुकान काढून दिलं होतं आणि ते कधीच चाललं नाही. एचटीएमएल फाइल मुख्य संकेतस्थळावर टाकून व्हेरिफाय करता येतं, पण त्यात फक्त तेवढाच पत्ता मिळतो. मला shop सकट सगळंच हवं होतं, म्हणून "डोमेन" हा प्रकार घेतला, आणि त्याला डीएनएसमध्ये रेकॉर्ड टाकल्याशिवाय गत्यंतर नाही. सर्च कन्सोल एक ओळ देतं, google-site-verification= आणि पुढं लांबलचक अक्षरं, ती डोमेनच्या टीएक्सटी रेकॉर्डमध्ये टाकायची, बस.

तर मी मंगळवारी काकांकडून डोमेन जिथून विकत घेतलंय तिथलं लॉगिन घेतलं, ओळ चिकटवली, सेव्ह केलं. व्हेरिफाय दाबलं, नाही झालं. म्हटलं लागतो वेळ. बुधवारी परत दाबलं, परत नाही. सगळीकडं लिहिलेलं असतं ना की ७२ तास लागू शकतात, त्या एका वाक्यावर भरवसा ठेवून मी दोन दिवस नुसता बसून होतो, याची आजही लाज वाटते.

काकांच्या फोननंतर डोमेन कंपनीच्या चॅटवर गेलो. तिथला माणूस म्हणाला, "सर तुमचे नेमसर्व्हर आमचे नाहीत, आमचे टाका, लगेच होईल." मी नेमसर्व्हरचं पान उघडलं, त्यांची दोन नावं टाकलीसुद्धा, आणि सेव्हवर बोट ठेवताना सहज बाजूच्या टॅबमधली रेकॉर्डची यादी बघितली. त्यात एकच रेकॉर्ड होतं. माझं. संकेतस्थळाचा ए रेकॉर्ड नाही, मेलचा एमएक्स नाही, काहीच नाही. सेव्ह केलं असतं तर संकेतस्थळ तर गेलंच असतं, वर काकांची मेल बंद, आणि सौद्याच्या सीझनमध्ये त्यांच्या सगळ्या ऑर्डरी मेलवर येतात. टॅब बंद केला आणि पाणी प्यायलो.

मग पहिल्याच मिनिटाला करायचं काम गुरुवारी सकाळी केलं, डोमेनच्या नोंदी कुठल्या नेमसर्व्हरवर आहेत ते dig या कमांडनं विचारलं (डोमेनचं खरं नाव देत नाही, example.com समजा):

```
dig NS example.com +short
```

उत्तरात जुन्या होस्टिंगचे दोन नेमसर्व्हर आले, त्यातला एक ns1.example.net समजा. म्हणजे डोमेन विकत एकीकडून घेतलंय, पण त्याची वही दुसरीकडंच ठेवलीय, आणि जग फक्त त्या दुसऱ्या वहीतच बघतं. जमीन एका सज्जात आणि मी फेरफार नोंदवायला दुसऱ्याच तलाठ्याकडं जाऊन बसलेलो. ती नोंद ७२ तास काय, ७२ वर्षं थांबलो तरी कुणाला दिसली नसती.

आता त्या खऱ्या वहीतच काय लिहिलंय ते थेट विचारलं:

```
dig TXT example.com @ns1.example.net +short
"v=spf1 a mx ~all"
"google-site-verification=Qx7..."
```

बघितलं आणि खुर्चीतून उठलोच, अरे आहे की! मग शांतपणे अक्षरं जुळवली तर ती ओळ माझी नव्हतीच, माझी kT4 ने सुरू होत होती. ही ओळ प्रत्येक गुगल खात्याला वेगळी मिळते, म्हणजे Qx7 दुसऱ्या कुणाची तरी. कोणाची, हे कळायला काकांना एकच फोन पुरला. दुकान काढून देणारा पोरगा, आता पुण्यात नोकरीला, होस्टिंग अजून त्याच्याच खात्यात, पैसे काका दरवर्षी त्याला पाठवतात. काकांनीच त्याला फोन लावला, मी बोललो, बिचारा चांगला होता, म्हणाला "दादा तुम्ही ओळ पाठवा, मीच टाकतो."

त्याला एकच बजावलं, एसपीएफची ओळ एडिट करू नकोस, नवीन टीएक्सटी रेकॉर्ड काढ. एकाच नावावर कितीही टीएक्सटी चालतात, पण v=spf1 वाली पुसली गेली की मेल स्पॅममध्ये जायला लागते आणि ते कळतं आठवड्यानं. त्यानं अर्ध्या तासात हिरव्या टिकचा स्क्रीनशॉट पाठवला. मी परत विचारलं, त्याच जुन्या दोन ओळी. बराच वेळ डोकं खाजवल्यावर स्क्रीनशॉटमध्ये नावाचा रकाना अरुंद होऊन कापला गेलेला दिसला, example.com.exa… म्हणून हे विचारून बघितलं:

```
dig TXT example.com.example.com @ns1.example.net +short
"google-site-verification=kT4..."
```

सापडलं! नावाच्या जागी त्यानं पूर्ण डोमेन लिहिलं होतं आणि त्या पॅनलला मागं डोमेन आपोआप जोडायची सवय. तिथं नुसतं @ टाकायचं होतं, काही ठिकाणी रिकामं सोडायचं असतं. त्यानं दुरुस्त केलं आणि पुढच्याच मिनिटाला नेमसर्व्हरनं तीन ओळी दाखवल्या. गंमत म्हणजे साध्या विचारण्यात, म्हणजे @ns1 न लावता, माझ्या नेटवर अजून जुन्या दोनच येत होत्या. टीटीएल १४४०० सेकंद, म्हणजे एकदा मिळालेलं उत्तर चार तास जपून ठेवलं जातं, आणि सकाळी मीच असं साधं विचारून ते उत्तर कॅशमध्ये बसवलेलं. +short काढून बघितलं की उरलेले सेकंद कमी होताना दिसतात, तेव्हा हे खरंखुरं थांबणं आहे हे कळतं, मंगळवारचं थांबणं तसं नव्हतं. व्हेरिफाय एकदा दाबलं, नाही झालं, जेवलो, चारच्या सुमारास दाबलं तर झालं.

पण खरं काम त्या वहीतच निघालं. त्या पोराला shop चा रेकॉर्ड विचारला तर तो एका जुन्या भाड्याच्या सर्व्हरकडं बोट दाखवत होता, जो त्यानं केव्हाच सोडलेला. त्या आयपीवर आता कोण बसलंय काय माहीत, सट्टा तिथूनच येत होता. तो रेकॉर्ड त्यानं फोनवर बोलता बोलताच उडवला. मग मी सर्च कन्सोलच्या रिमूव्हल्समध्ये shop ची पानं टाकली, ते झाकणं साधारण सहा महिन्यांचंच असतं, पण पाठीमागं पानच उरलं नाही की तोपर्यंत गुगल स्वतःच काढून टाकतं.

राहिली Qx7. सेटिंग्जमध्ये मालकांच्या यादीत त्या पोराचा मेल होता, नुसतं तिथून काढून उपयोग नाही, ओळ डीएनएसमध्ये असेपर्यंत तो परत व्हेरिफाय करू शकतो. त्याला सांगितलं तर हसला, "मला आठवतपण नव्हतं," म्हणाला आणि पुसली. माझी kT4 मात्र तशीच ठेवायला सांगितली, कारण ती अधूनमधून तपासली जाते आणि कुणी "ही काय फालतू ओळ" म्हणून पुसली की आपली मालकीही जाते.

संध्याकाळी काकांना सगळं झालं म्हणून कळवलं. ते म्हणाले, "मग त्या पोराला पैसे द्यायचे का नाही यंदा?" म्हटलं काका, आधी ते होस्टिंग तुमच्या नावावर करून घेऊ. पुढच्या आठवड्यात बसायचं ठरलंय.