गुरुवारी सगळं आपोआप उघडलं

पुण्यात गुरुवारी मोठ्या ग्रुपचं बुकिंग घ्यायचं नाही, असं मालकांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. गुरुवार म्हणजे विजेच्या दुरुस्तीचा वार. पण चाकणच्या एका कारखान्याच्या अकाउंट्समधले आठ जण यायचे होते, त्यांना दुसरा दिवस जमेना, आणि सकाळपासून लाइट तर होती. घेतलं.

मी एस्केप रूममध्ये गेम मास्टर आहे. लोक पैसे देऊन एका खोलीत स्वतःला कोंडून घेतात, आणि मी शेजारच्या पिंजऱ्याएवढ्या खोलीत बसून चार कॅमेऱ्यांवर त्यांना बघते, हेडफोनवर ऐकते, अगदीच अडले तर स्क्रीनवर एखादी सूचना पाठवते. आईला अजून वाटतं मी सिक्युरिटीत आहे.

आमची सगळ्यात जास्त चालणारी रूम म्हणजे 'पेढी'. एका सावकाराने गहाणाचा हार हडप केलाय, तो ६० मिनिटांत तिजोरीतून काढून आणायचा. बंदुका नाहीत, मारामारी नाही. घाम फोडायला घड्याळ आणि भोंगा पुरतो. पुढे पेढीची कचेरी, मागे तिजोरीची खोली. मागच्या खोलीत धूर सोडलेला आणि सात लाल लेझर किरण, सगळे कमरेच्या खाली, कारण डोळ्याच्या उंचीवर आम्ही किरण लावतच नाही. किरण समोरच्या सेन्सरवर पडायचा थांबला की भोंगा वाजतो आणि घड्याळातले ३० सेकंद जातात. कचेरीतलं एक बटण दाबून धरलं की त्यातले तीन किरण विझतात. म्हणजे एकाने बाहेर बटण धरायचं, दुसऱ्याने तिथल्या नकाशात बघून वाट सांगायची आणि तिसऱ्याने आत रांगायचं. पलीकडे एक खण आहे, त्यात चार आकड्यांचा पितळी बिल्ला. तो आकडा तिजोरीच्या कुलपावर फिरवला की हार हातात.

सुरू करण्याआधी मी दोनच गोष्टी सांगते. जे सापडेल ते मोठ्याने बोला. आणि एक किल्ली एकदाच लागते, वापरून झाली की कुलपातच राहू द्या. त्यांचे मॅनेजर, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत होते, मान डोलावत मोबाइल बघत होते. दहाव्या मिनिटाला सगळ्या किल्ल्या सरांच्या खिशात होत्या.

ग्रुप अडकलाय हे आवाजावरून कळतं. आधी आठही जण एकदम बोलत असतात, मग बोलणं विरळ होतं, आणि आधीच तपासून ठेवलेल्या वस्तू लोक पुन्हा उचलून बघायला लागतात. एकाच कुलपाला तिसरा माणूस हात घालतो तेव्हा मी सूचना टाइप करायला घेते. इथे तर तिसरा माणूस कुलपापर्यंत पोचतच नव्हता. सर कचेरीतल्या कपाटाच्या चार आकडी कुलपावर ०००० पासून एकेक आकडा लावून बघत होते. सेकंदाला एक म्हटलं तरी सगळे दहा हजार आकडे व्हायला पावणेतीन तास. मागे जाड चष्म्याच्या एक मॅडम दोनदा म्हणाल्या, "सर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर चार तारखांना गोल आहेत." सर म्हणाले, "हो हो, बघू." शेवटी मीच सूचना पाठवली: 'कॅलेंडर'. कपाट उघडलं आणि तिजोरीच्या खोलीचं दारही.

३८व्या मिनिटाला लाइट गेली.

आमची दारं, कपाटं, खण सगळं विद्युतचुंबकाच्या कुलपांवर आहे. वीज असेपर्यंत चुंबक धरून ठेवतो, वीज गेली की सोडतो. कॅमेरे आणि माझा कॉम्प्युटर यूपीएसवर आहेत, कुलपं मात्र मुद्दाम नाहीत. पोलंडमध्ये कोशालिन गावी २०१९च्या जानेवारीत एका एस्केप रूमला आग लागून पाच मुली आत अडकून गेल्या. हे ज्याने एकदा वाचलंय तो कुलपांना बॅटरी जोडत नाही. मेन स्विच पडला की सगळं उघडलं पाहिजे.

आणि सगळं उघडलं. एकामागून एक टकटक आवाज झाले, भिंतीतला चोरकप्पा लोंबकळला, लेझर विझले, पलीकडचा खण स्प्रिंगने बाहेर आला. बॅटरीचे दिवे लागले. तिजोरी तेवढी बंद राहिली, कारण तिचं कुलूप साधं लोखंडी आहे.

सरांना वाटलं हाही खेळच. धुरातून सरळ चालत गेले, खणातला बिल्ला उचलून बघितला आणि ओरडले, "चला, मिळाला कोड!"

मी धावत आत गेले. सांगितलं की ही खरीच लाइट गेलीय, घड्याळ थांबवलंय, बिल्ला परत ठेवा. एक मुलगा हळूच म्हणाला, "मग आता खेळ संपला?" तर चष्म्याच्या मॅडम म्हणाल्या, "संपला कसा? अजून लेझर कुठे केलाय आपण?" थोडी कुजबुज झाली, आणि त्यांनीच न्याय केला. सर पकडले गेले. कोड बघितला म्हणून उरलेला वेळ कोपऱ्यातल्या मुनीमजींच्या स्टुलावर बसायचं, तोंड उघडायचं नाही. सरांनी खिशातल्या पाच किल्ल्या टेबलावर काढून ठेवल्या. त्यातली एक गेली वीस मिनिटं बाकीचे शोधत होते.

सात मिनिटांनी लाइट आली तेव्हा माझी खरी धावपळ सुरू झाली. रूमचा कंट्रोलर म्हणजे एक साधा अर्डुइनो बोर्ड. वीज गेली की कुठलं कोडं सुटलं होतं हे तो विसरतो, आणि जागा झाल्यावर त्याला वाटतं नवा खेळ सुरू झाला. चोरकप्पा आणि खण हाताने दाबून बसवले, सुटलेली तीन कोडी कॉम्प्युटरवरून एकेक करून 'सुटली' म्हणून नोंदवली, धुराचं मशीन तापायला दोन मिनिटं दिली. मग घड्याळ पुन्हा चालू, २२ मिनिटं बाकी.

आता सात जण खेळत होते आणि हेडफोनमध्ये मला सात आवाज येत होते. टेबलावरच्या किल्लीने पेटी उघडली, पेटीत लेझरचा नकाशा निघाला. मुलगा आत रांगत होता, मॅडम नकाशावर बोट ठेवून "डावा गुडघा उचल, अजून, हां, टेक" असं सांगत होत्या, बटणावर दोघी आळीपाळीने. दोनदा भोंगा वाजला, एक मिनिट गेलं. तीन मिनिटं उरली असताना खण उघडला.

मुलाने आकडा वाचला, "१९८६." मॅडम कुलूप फिरवायला लागल्या.

स्टुलावर सर ताडकन उठले. दोन्ही हात हलवत होते, मान जोरजोरात 'नाही, नाही' करत होते, तोंड मात्र मिटलेलं. कुणीही वळून बघितलं नाही. मला स्क्रीनवर त्यांचा चेहरा लाल होताना दिसत होता.

कुलूप उघडलं. घड्याळात १ मिनिट ५० सेकंद.

बाहेर आल्यावर फोटो काढताना सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, तुमच्या कुलपात काहीतरी गडबड आहे. बिल्ल्यावर ९८६१ होतं, मी स्वतः बघितलं."

मी बिल्ला आणून त्यांच्या तळहातावर ठेवला. आकड्यांखाली एक बारीक रेघ कोरलेली असते, बिल्ल्याची खालची बाजू कळावी म्हणून. सरांनी तो एकदा असा, एकदा उलटा धरून बघितला. मग काही न बोलता परत दिला, आणि सगळ्यांच्या चहाचे पैसे द्यायला खाली उतरले.