सृष्टीच्या कथांचं भाषण आणि समितीत अडकलेलं एक पान

साताऱ्यातल्या एका व्याख्यानमालेत ‘सृष्टी कशी झाली : चार देशांच्या चार कथा’ असा विषय मी घेतला होता. भाषण झालं, चांगलं झालं. पण संहिता मंजूर करून घेताना जो मनस्ताप झाला तो अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून टाकते. पुढच्या वर्षी कुणी असा विषय घेणार असेल तर त्याला उपयोग होईल.

विषय निवडणं, वाचन, टिपणं यांत काही अडलं नाही. चार कथा मी मुद्दाम एका जातीच्या घेतल्या. कुणाचं तरी प्रचंड शरीर आणि त्याच्यापासून जग. बाबिलोनची तियामत, ऋग्वेदातला पुरुष, चीनचा पांगू आणि उत्तर युरोपातला इमिर. अंडी, पाणी, चिखल, शब्द असल्या सगळ्या प्रकारच्या कथा एका भाषणात कोंबल्या की श्रोत्याच्या हाती काहीच लागत नाही.

संहिता वाचल्यावर कार्यवाहांची पहिली सूचना आली. “मॅडम, एक तक्ता दाखवा ना पडद्यावर. डोळ्याचा सूर्य, रक्ताचा समुद्र, हाडांचे डोंगर. लोकांना असं आवडतं.” आवडतं हे खरंच. पुरुषाच्या डोळ्यापासून सूर्य आणि मनापासून चंद्र. पांगूचा डावा डोळा सूर्य, उजवा चंद्र. इमिरच्या रक्ताचा समुद्र, हाडांचे डोंगर, कवटीचं आभाळ आणि मेंदूचे ढग. तियामतच्या डोळ्यांतून तैग्रिस आणि युफ्रेटिस वाहतात. हे ओळीने मांडलं की सभागृहात “अरे वा” होतं आणि पुढच्याच क्षणी प्रत्येकाच्या मनात निष्कर्ष तयार होतो, की म्हणजे कुणीतरी कुणाचं उचललं, किंवा सगळ्यांचं मूळ एकच.

तक्त्यात एक गोष्ट दिसत नाही : ते शरीर पडलं कसं. तियामतला मर्दुक हा देव लढाईत मारतो आणि सुक्या मासळीसारखी उभी चिरतो. अर्ध्या भागाचं आभाळ करून त्याला अडसर घालतो, पहारेकरी बसवतो, कारण आतलं पाणी बाहेर यायला नको. इमिरला ओदिन हा देव आणि त्याचे दोन भाऊ ठार करतात. पुरुषाचं तसं नाही, तिथे देव यज्ञ करतात आणि पुरुष त्या यज्ञातली आहुती आहे, शत्रू नाही. पांगूला तर कुणीच मारत नाही. तो अठरा हजार वर्षं आकाश आणि पृथ्वी यांच्या मधोमध वाढत राहतो, रोज एक झांग, म्हणजे साधारण दहा फूट, आणि शेवटी आपणहून मरतो. चार कथांत युद्ध, खून, यज्ञ आणि नैसर्गिक मृत्यू. म्हणून मी तक्ता ठेवला, पण त्याच्या वर “कोणी मारलं? कशासाठी?” असा एक रकाना वाढवला. भाषण तिथूनच सुरू केलं.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग नववं पान आलं.

त्या पानावर पुरुषसूक्ताची बारावी ऋचा होती. सोळा ऋचांचं हे सूक्त, दहाव्या मंडलातलं नव्वदावं. बारावीत पुरुषाचं मुख ब्राह्मण, बाहू राजन्य, मांड्या वैश्य आणि पायांपासून शूद्र असं येतं. चंद्र, सूर्य, वारा, दिशा हे सगळं त्यानंतरच्या दोन ऋचांत आहे. म्हणजे सूक्ताचा क्रमच असा, की आधी समाज आणि मग आकाश. आणि मला नेमकं हेच सांगायचं होतं, की जग कसं झालं हे सांगणारी कथा बहुतेक वेळा ‘आपली आजची मांडणी अशी का’ हेही सांगत असते.

कार्यवाहांचा फोन आला. “मॅडम, तेवढी एक ऋचा गाळा की. बाकी सगळं झकास आहे. उगाच कोण उठून बोलायला लागलं तर?” मी म्हटलं, गाळली तर त्या सूक्तात उरतं काय, निसर्गवर्णन? ते म्हणाले, समितीपुढे ठेवतो. समिती बसायची होती, मग कुणाच्या घरी लग्न निघालं, मग कुणीतरी गावाला गेलं. पत्रिका छापायला टाकायची वेळ आली तरी नववं पान तसंच लटकलेलं. दरवेळी विचारलं की एकच उत्तर : “होईल, होईल.” मला ‘नाही’ चाललं असतं. ‘होईल’ हा शब्द मात्र माणसाला आतून पोखरतो.

त्या रिकाम्या वेळात मी पान जास्त पक्कं केलं. ऋचेच्या आधी एक वाक्य घातलं, की दहावं मंडल ऋग्वेदाच्या उशिराच्या भागांतलं मानतात आणि ‘शूद्र’ हा शब्द संपूर्ण ऋग्वेदात याच एका ठिकाणी आहे. ऋचेच्या नंतर म. फुल्यांना आणलं. १८७३ सालची ‘गुलामगिरी’ जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादात लिहिलेली आहे. तिच्या सुरुवातीलाच ब्रह्मदेवाच्या मुखातून, बाहूंतून, पायांतून माणसं जन्मली हे विधान शब्दशः धरून जोतीराव त्यावर असे प्रश्न टाकतात की वाचणाऱ्याला हसावं की गप्प बसावं कळत नाही. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, खटाव तालुक्यातलं. साताऱ्यात सृष्टिकथांवर बोलायचं आणि त्या कथेला मिळालेलं सर्वांत धारदार मराठी उत्तर गाळायचं, हे मला पटेना. मात्र त्यांचा रोख मनूच्या ब्रह्मदेवावर आहे, थेट ऋग्वेदाच्या ऋचेवर नाही, हा फरक संहितेत स्पष्ट लिहिला. असा फरक सांगितला नाही तर मागच्या रांगेतला एखादा अभ्यासू गृहस्थ नेमका तिथेच पकडतो.

झालं. आता समितीतल्या दुसऱ्या सदस्याचा आक्षेप : ऋचा राहू दे, पण फुले नकोत, समतोल जातो. पहिल्याला ऋचा नको आणि दुसऱ्याला उत्तर नको. दोघांचं ऐकलं असतं तर नववं पान कोरं वाचून दाखवावं लागलं असतं.

हे सुटलं ते वाद घालून नाही, तुलना पूर्ण केल्यावर सुटलं. मी समितीला म्हटलं, आपण एकट्या भारताला पिंजऱ्यात उभं करतोय असं वाटतंय ना, मग बाकीच्या तिघांनाही तोच प्रश्न विचारू : तुमच्याकडे वरचे-खालचे कुठून आले?

चीनमध्ये उत्तर पांगूच्या कथेत नाही, नुवा देवीच्या कथेत आहे. इ. स. दुसऱ्या शतकातल्या यिंग शाओने ती नोंदवून ठेवली आहे. नुवा पिवळ्या मातीची माणसं हाताने घडवत होती. काम आवरेना, तेव्हा तिने चिखलात दोर बुडवला आणि ओढून काढला. जी माणसं हाताने घडली ती श्रीमंत आणि प्रतिष्ठित, जी दोरावरून गळाली ती गरीब आणि सामान्य. पांगूच्या कथेत तर सामान्य माणसं झाली त्याच्या अंगावरच्या किड्यांपासून.

उत्तर युरोपातही इमिरच्या देहात समाज नाही. तो ‘रीग’ नावाच्या देवाच्या वेगळ्या काव्यात आहे. रीग तीन घरी उतरतो, प्रत्येक घरी तीन रात्री. पहिल्या घरी जाडाभरडा पाव, तिसऱ्या घरी पातळ पांढऱ्या गव्हाचा पाव, भाजलेले पक्षी आणि मद्य. नऊ महिन्यांनी पहिल्या घरी थ्राल म्हणजे गुलाम जन्मतो, सुरकुतल्या कातडीचा, जाड बोटांचा. दुसऱ्या घरी कार्ल म्हणजे स्वतंत्र शेतकरी आणि तिसऱ्या घरी यार्ल म्हणजे सरदार. थ्रालची मुलं शेतात खत टाकतात, डुकरं राखतात. काव्य हे सगळं शांतपणे सांगतं, पावसाचं वर्णन केल्यासारखं.

आणि बाबिलोनमध्ये तियामतच्या पराभूत सेनापतीच्या, किंगूच्या रक्तापासून माणूस घडवतात तो देवांचे कष्ट उचलायला. तिथे वरचे-खालचे म्हणजे देव आणि माणूस. तियामत-मर्दुकाची ही कथा सांगणारं काव्य बाबिलोनच्या नववर्षोत्सवात चौथ्या दिवशी मर्दुकापुढे म्हणत. त्यात जग घडवणारा मर्दुक हाच बाबिलोनचा देव, आणि देव त्याच्यासाठी तिथे मंदिर बांधतात. राजधानीच्या मोठेपणाची याहून सरळ जाहिरात कुठली असणार?

मांडणी अशी चौकोनी झाल्यावर दोन्ही सदस्यांची हरकत विरघळली. बारावी ऋचा राहिली, फुले राहिले. कार्यवाह म्हणाले, “हे आधीच सांगायचं ना मॅडम.” मी काही बोलले नाही. तरीही फरक पुसायचा नाही, हे मी त्याच पानावर लिहिलं आणि तसंच बोलले : चिनी कथा आणि रीगचं काव्य ग्रंथांत राहिलं, पुरुषसूक्त मात्र आजही पूजेत म्हटलं जातं आणि तिथली उतरंड इथे माणसांच्या रोजच्या जगण्यात उतरली. “सगळीकडे तसंच असतं” म्हणून हात झटकण्यासाठी ही तुलना वापरता येत नाही.

आता आठवतील तशा काही गोष्टी सांगते. संहिता घरी मनातल्या मनात वाचून वेळ मोजू नका, उभं राहून मोठ्याने वाचा. सभागृहात वेग कमी होतो आणि पंचेचाळीस मिनिटांचं भाषण तासाला भिडतं. परकी नावं मोजकीच ठेवा. मी ओदिनच्या भावांची नावं घेतलीच नाहीत, त्यांनी कथेचं काही अडत नाही. ‘मिथक म्हणजे खोटी गोष्ट’ असं अजाणतेपणी ध्वनित होईल अशी वाक्यं काढून टाका, समोर पूजा करून आलेली माणसं बसलेली असतात.

प्रत्येक कथेआधी ती केव्हा लिहून ठेवली गेली ते सांगाच. इमिरची सलग कथा आपल्याला देतो तो स्नोरी, आइसलँडचा लेखक, १२२०च्या सुमाराचा. म्हणजे तिथले लोक ख्रिस्ती होऊन दोनशे वर्षं उलटल्यावर. पांगूचं नाव इ. स. तिसऱ्या शतकातल्या लिखाणात पहिल्यांदा दिसतं. हे सांगितलं नाही तर श्रोते चारही कथा एकाच ‘फार फार पूर्वी’त टाकतात.

आणि एक प्रश्न हमखास येतो, माझ्याही वेळी पहिला तोच आला : “मग आधीची कुणाची?” याला झटपट उत्तर देऊ नका. लिहून ठेवल्याचं वय आणि कथेचं वय वेगळं असतं. मी सांगितलं ते असं : पुरुष आणि इमिर यांच्या भाषा एका कुळातल्या आहेत, म्हणून त्या दोन कथांमागे एखादी जुनी सामायिक कथा असावी असं बरेच अभ्यासक मानतात, पण तो अंदाज आहे. बाबिलोनची भाषा त्या कुळातली नाही आणि चीनचीही नाही, त्यामुळे तिथे नातं सांगायचं तर कथा कुठून कुठे गेली याचा वेगळा पुरावा आणावा लागतो. निव्वळ डोळा आणि सूर्य जुळले एवढ्यावर भागत नाही, कारण डोळ्याला सूर्य म्हणणं कुणालाही, कुठेही सुचू शकतं. प्रश्न विचारणाऱ्या काकांचं समाधान झालं नाही. त्यांना एक नाव हवं होतं, आणि चहाच्या वेळी ते पुन्हा आले.