कोरं

मे महिन्यातली दुपार, कुलर फुल्ल, आणि डायनिंग टेबलवर एक मीटर मांजरपाट तंबूसारखा उभा. कोणी धरलेला नाही, आत काही ठेवलेलं नाही, मी नुसती मधली घडी वर करून सोडली तर उभाच राहिला. बोट लावलं तर पापडासारखा वाजला. आता ह्याच्यावर डोकं ठेवून कोण झोपणार?

सकाळीच गांधीबागेतून आणला होता, उशांचे अभ्रे शिवायला. दुकानात "कोरा मांजरपाट द्या" म्हटलं तर गल्ल्यावरच्या माणसाने एकदम आवाज खाली केला आणि विचारलं, "ताई, कायसाठी पाहिजे?" मी म्हटलं, अभ्रे शिवायचेत. तो मोकळा झाला, मग नेहमीच्या आवाजात भाव सांगितला आणि मी नेहमीसारखी घासाघीस केली.

मला नवं कापड धुतल्याशिवाय अंगाला लावता येत नाही. आईचं बरोब्बर उलटं, तिच्या मते एकदा पाण्यात गेलं की ते नवं कसलं. दिवाळीचा फ्रॉक कोपऱ्याला हळदकुंकू लावून जसाच्या तसा अंगावर चढायचा, काखेत रुतायचा, खाली बसलं की घेर समोर उभा राहायचा आणि मी घेराच्या वरून फराळाच्या ताटाकडे बघायची. रडले तर आई म्हणायची, "काऊन रडून राहिली वं? नवा हाये म्हणून कडक हाये." हेच कारण बरीच वर्षं मला पुरलं. नवं म्हणजे कडक, जसं नवीन बूट चावतात.

खरं तर मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, कारण आजीचं घर गोळीबार चौकाजवळ आणि मागच्या गल्लीत कोष्ट्यांची घरं, घरोघरी माग. उन्हाळ्याच्या सुट्टीत पहाटे गच्चीवरून दिसायचं की अख्ख्या गल्लीभर सूत ताणून ठेवलंय, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि दोन्ही बाजूंनी माणसं मोठ्ठ्या कुंच्याने त्याच्यावर पिठाची पातळ खळ फिरवतायत. खळ लावायची, कुंचा ओढायचा, चिकटलेले धागे बोटांनी सुटे करायचे, परत पुढे. सायकलवाले उतरून बाजूने जायचे, कोणी कुरकुर करायचं नाही. ह्याला पांजणी म्हणतात. पहाटेच उरकायची, कारण ऊन चढलं की खळ भर्रकन वाळते आणि धागा कडकडीत होऊन तुटतो. सडासंमार्जनाच्या वासात तो कच्च्यापक्क्या पिठाचा वास मिसळलेला असायचा, आणि तोच वास आज टेबलवरच्या मांजरपाटाला आला. चाळीस वर्षांनी. कुलरच्या वाळ्याच्या वासातून वाट काढून आला.

तर भानगड अशी आहे की ती खळ आपल्यासाठी नसतेच, मागासाठी असते. कापडात उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे म्हणजे बाणा. बाण्याचं आयुष्य सोपं, धोट्यातून सुटला, एकदा इकडून तिकडे गेला, फणीने ठोकला, झालं. हाल होतात ताण्याचे. तो सतत ताणलेला, वर-खाली वर-खाली होत राहतो, प्रत्येक ठोक्याला फणी त्याला घासून जाते, शेजारचा धागा घासतो. सुताच्या धाग्याला बारीक लव असते, ती शेजाऱ्याच्या लवेत अडकते, पिंजते आणि धागा तुटतो. एक धागा तुटला की माग थांबवून गाठ मारा. म्हणून विणायच्या आधी फक्त ताण्याला खळ पाजायची. ती लव चिकटवून बसवते आणि धाग्याला वरून एक गुळगुळीत साल चढते. यंत्रमागाच्या ताण्याला मक्याचा नाहीतर टॅपिओकाचा स्टार्च शिजवून देतात, त्यात थोडं मेण किंवा चरबीसारखं काहीतरी मऊपणासाठी. साध्या सुती ताण्यावर सुताच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास खळ चढते.

आजीच्या शेजारचे एक काका एम्प्रेस मिलमध्ये विणाई खात्यात होते. म्हणजे आपल्या नागपूरची ती जुनी मिल, 1 जानेवारी 1877 ला सुरू झालेली. ते सांगायचे, "बाहेर होळी पेटली असते पोरी, अन् आत खात्यात पावसाळा." आत यंत्राने हवा दमट ठेवायचे. मला वाटायचं कामगारांना गार वाटावं म्हणून. कामगारांना कसलं गार, त्या दमट उकाड्यात ते घामाने निथळायचे. ती ओल ताण्यासाठी होती, खळ कोरडी पडून तडकू नये म्हणून. नागपूरच्या मे महिन्यात माणसाचे ओठ फुटतात तिथे खळीचं काय.

हे सगळं आठवत बसले आणि मग मला राहवेना. कापडाच्या कडेचे दोन धागे उसवून काढले, एक उभा एक आडवा. औषधाच्या डब्यात जखमेला लावायचं ते तपकिरी आयोडीनवालं औषध होतं, त्यात थोडं पाणी घालून दोघांवर एकेक थेंब टाकला. शाळेत बटाट्यावर टाकून बघायचो तेच. उभा धागा बघता बघता निळा-काळा झाला. आडवा नुसता पिवळट तपकिरी, एखाद्या ठिकाणी किंचित निळसर, ते ताण्याला टेकून लागलेलं असणार. मुलगी कॉलेजहून आली, म्हणाली, "आई तू बरी आहेस ना?"

मग धुणं. लोक म्हणतात नळाखाली खळबळून काढ, निघतं. नाही निघत. शिजलेला स्टार्च वाळून बसला की शिळ्या भातासारखा होतो, भात जसा गार झाल्यावर टरटरीत होतो आणि गार पाणी घातल्याने परत मऊ होत नाही तसं. गार पाण्यात कापड फक्त फुगतं आणि बुळबुळीत लागतं. त्याला कोमट पाणी पाहिजे आणि वेळ पाहिजे. पूर्वी कापड रात्रभर कोमट पाण्यात मुरत ठेवायचे, पाण्यातले जंतूच स्टार्च खाऊन तोडायचे, आपल्या आंबिलीत होतं त्याच जातीचं काम. कारखान्यात आता तेच काम करणारं एन्झाइम घालतात. आणि कोमट पाण्याचं म्हणाल तर नागपुरात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचा नळ उघडा, गिझरची गरज नाही, हात भाजतो.

टाकायच्या आधी मोजून घेतलं, आता एवढं केलंच आहे तर. लांबी 100 सेंटीमीटर, पन्हा 91, वजन किचनच्या काट्यावर 140 ग्रॅम. संध्याकाळी बादलीत बुडवलं, सकाळी पाणी दुधाळ, बोटाला निसरडं आणि आंबूस वास. चोवीस तासांच्या पुढे ठेवू नका हां, मग बुरशीचे डाग पडतात आणि ते जात नाहीत. मग एन्झाइमवाली साबणाची पावडर घालून परत कोमट पाण्यात तासभर, चोळून, तीन पाण्यातून काढून वाळवलं. दोरीवर वीस मिनिटांत वाळलं.

वजन 132. लांबी 94, पन्हा 89.

वजन गेलं त्यात बहुतेक खळ, थोडी धूळ, थोडं मेण. म्हणजे आठ ग्रॅम पिठाचे पैसे मी कापडाच्या भावाने दिले. लांबी गेली तो मात्र खळीचा दोष नाही, ताणा मागावर ओढून धरलेला होता, खळीने तो तसाच थिजवला, पाण्यात सुटला आणि आखडला. म्हणून लांबीत जास्त आटतो, रुंदीत कमी. आमचे टेलर काका मापाला हात लावायच्या आधीच बजावतात, "पह्यले पाण्यातून काढून आणजा, मंग नका म्हणू का कुर्ता आटला." आणि साडीला न भिजवता फॉल लावला की पहिल्या धुण्यानंतर काठ कसा चुण्या पडून वर चढतो ते कोणाला सांगायला नको, माझ्या लग्नातली एक साडी अजून तशीच आहे.

दुकानातल्या रंगीत, छापील कापडाची गोष्ट वेगळी. त्याची मागावरची खळ कारखान्यात रंगवायच्या आधीच धुऊन टाकलेली असते, नाहीतर रंग धड आत शिरत नाही. मग शेवटी परत स्टार्च चढवतात, हाताला भरलेलं वाटावं म्हणून. ही दुसरी खळ मागासाठी नाही, आपल्यासाठी. आजी गांधीबागेत कापडाचं टोक दोन्ही तळव्यांत धरून खसाखसा चोळायची आणि मग उजेडाला धरायची. हाताला पांढरी पूड लागली आणि कापडातून पलीकडचा दुकानदार दिसायला लागला की टोक खाली ठेवायची आणि एक शब्द न बोलता उठायची. दुकानदारही काही बोलायचा नाही. मी मधे लाजून मेलेली.

आणि हीच आजी घरी भाताची पेज काढून आपल्या लुगड्यांना स्वतः खळ करायची! विचारलं तर म्हणे, "ते मी लावलेली हाये." पण पेटीत ठेवायचं लुगडं मात्र खळ धुऊनच ठेवायची, नाहीतर कसर लागते.

परवा रात्री पाऊस पडला, पहिला. सकाळी काय मनात आलं कोण जाणे, तेच कापड परत काट्यावर ठेवलं. 137. मी दोनदा ठेवून बघितलं. खळ तर परत आली नव्हती, थेंब टाकला तर नुसता तपकिरी. सूत हवेतली ओल पितं, मे महिन्यात कोरडंठाक होतं, आता पाच ग्रॅम पाऊस पिऊन बसलं होतं. म्हणजे माझा सगळा हिशोब एकाच हवेत केला म्हणून जमला, मधे पाऊस पडला असता तर मी म्हटलं असतं की खळ होतीच तीन ग्रॅम.

अभ्रे अजून शिवले नाहीत. कापड आता मऊ झालंय, टेबलवर उभं केलं तर पसरतं.

त्या दुकानदाराने आवाज का खाली केला ते मला तेव्हाच कळलं होतं. बाबांच्या वेळी भाऊ त्याच ओळीतल्या कुठल्यातरी दुकानातून घेऊन आला होता, कोरा मांजरपाट, पाच मीटर. तो धुवायचा नसतो. खांद्याशी नीट बसतच नव्हता, भाऊ दाबायचा आणि तो परत उठायचा, परत दाबायचा. शेवटी काकांनी त्याचा हात धरला, म्हणाले, राहू दे.