पेन्शन प्लॅनमधली गॅरंटी नेमकी कशावर असते

"प्लॅन विकणारा माणूस चांगला वाटतो, कंपनी रजिस्टर्ड आहे म्हणतो, आणि कागदावर चक्क गॅरंटीड लिहिलंय. मग घ्यायला हरकत नाही ना?"

आधी कंपनीचं बघू. नुसती कंपनी म्हणून नोंदणी कुणालाही करता येते, त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं असलं तरी त्याने पेन्शन विकायचा हक्क मिळत नाही. त्यासाठी विमा किंवा पेन्शन क्षेत्राच्या नियामकाचं वेगळं लायसन्स लागतं, आणि ज्यांना ते दिलंय त्यांची यादी जवळपास प्रत्येक देशात नियामकाच्या वेबसाइटवर सगळ्यांना बघता येते. फक्त त्या साइटवर तुम्ही स्वतः जायचं, एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या लिंकवरून नाही, कारण हुबेहूब तशीच दिसणारी खोटी साइट बनवणं आता काही अवघड राहिलेलं नाही. यादीत नाव सापडलं की लगेच निर्धास्त होऊ नका. लायसन्स चालू आहे की सस्पेंड झालंय, आणि ते नक्की कशाचं आहे, हे बघा, कारण फक्त सल्ला द्यायचं लायसन्स असलेल्याला लोकांचे पैसे स्वतःकडे ठेवायची परवानगी असतेच असं नाही.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते वेगळ्याच ठिकाणी. भामटे खऱ्या, लायसन्सवाल्या कंपनीचं नाव आणि तिचा रजिस्ट्रेशन नंबर जसाच्या तसा वापरतात, त्यामुळे तुम्ही तपासायला गेलात की यादीत सगळं बरोबरच दिसतं. बदललेलं असतं ते फोन नंबर, ईमेल आणि बँक खातं. म्हणून यादीत कंपनीचा जो फोन नंबर दिलाय त्यावर तुम्ही फोन करायचा आणि विचारायचं, हा प्लॅन तुमचाच का, हा माणूस तुमचा एजंट आहे का, त्याचा लायसन्स नंबर काय. आणि पैसे कंपनीच्या नावाच्या खात्यातच भरायचे, "सध्या माझ्या खात्यात टाका, मी भरतो" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबायचं, मग तो माणूस कितीही ओळखीचा असू दे.

हे सगळं बरोबर निघालं तरी त्यातून एवढंच कळतं की कंपनी खरी आहे आणि तक्रार करायला वरती कुणीतरी आहे. प्लॅन तुमच्या फायद्याचा आहे की नाही हे नियामक सांगत नाही, ते कागद वाचूनच कळतं.

मागे एका सहकाऱ्याने मला त्याला आलेल्या ऑफरचे कागद दाखवले, ते आकडे सोपे करून सांगते. वर्षाला १,००० भरायचे, २० वर्षं, म्हणजे एकूण २०,०००. रंगीत पत्रकावर वर्षाला ६ टक्के वाढ धरून शेवटी साधारण ३९,००० होतील असं दाखवलेलं, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की यात चार्जेस धरलेले नाहीत. चार्जेस दोन होते, भरलेल्या प्रत्येक हप्त्यातून ५ टक्के आधीच कापायचे आणि जमलेल्या फंडातून दरवर्षी दीड टक्का. दीड टक्का ऐकायला काहीच वाटत नाही ना? पण तो फक्त नफ्यावर नाही, जमलेल्या सगळ्या रकमेवर लागतो आणि दरवर्षी लागतो, म्हणजे ६ टक्क्यांची वाढ तुमच्यापर्यंत साडेचार टक्के म्हणूनच पोचते. दोन्ही धरून हिशोब केला तर शेवटी येतात ३१,१०० च्या आसपास. मूळ २०,००० वर जे १९,००० वाढणार होते त्यातले जवळपास ७,८०० चार्जेसमध्ये गेले, म्हणजे वाढीचा ४० टक्क्यांहून जास्त भाग. म्हणून मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारायला सांगते, सगळे चार्जेस कापून वर्षाला किती टक्के पडतात ते लिहून द्या. बऱ्याच ठिकाणी हा आकडा अधिकृत इलस्ट्रेशनमध्ये, म्हणजे पुढे किती मिळू शकतं ते दाखवणाऱ्या कंपनीच्या कागदात असतोच, पत्रकात नसतो.

आता गॅरंटी. त्याच कागदावर ठळक लिहिलेलं, "भरलेल्या रकमेच्या १३० टक्के गॅरंटीड". सहकाऱ्याला वाटलं ३० टक्के रिटर्न, आणि असं वाटणं अगदी साहजिक आहे. पण २०,००० चे १३० टक्के म्हणजे २६,०००, आणि ते मिळणार २० वर्षांनी. दरवर्षी १,००० भरून शेवटी २६,००० यायला वर्षाला अडीच टक्क्यांपेक्षाही थोडी कमी वाढ पुरते. महागाई त्याहून जास्त राहिली, तर गॅरंटी पूर्ण पाळूनही हातात आलेल्या पैशाची किंमत भरलेल्या पैशापेक्षा कमी. त्यात कुणी फसवलं असं म्हणता येणार नाही, आकडा खराच आहे, फक्त तो "वर्षाला किती" या भाषेत सांगितलेला नाही.

आणि ही गॅरंटी सगळे हप्ते वेळेवर भरून शेवटपर्यंत थांबलात तरच. सरेंडर व्हॅल्यूचा, म्हणजे मध्येच सोडलं तर परत मिळणाऱ्या रकमेचा तक्ता मागच्या पानांवर होता, त्यात तिसऱ्या वर्षी सोडलं तर ३,००० भरून परत ९०० मिळत होते. २० वर्षांत नोकरी जाते, आजारपण येतं, त्यामुळे हा तक्ता मी तरी सगळ्यात आधी उघडते.

अजून एक गोष्ट जवळजवळ कुणीच विचारत नाही. गॅरंटी जमलेल्या रकमेवर आहे की पेन्शनच्या दरावर? त्या २६,००० ची पुढे पेन्शन करताना त्या वेळचा दर ७ टक्के असेल तर वर्षाला १,८२०, आणि ५ टक्के असेल तर १,३००. रक्कम तीच, पण महिन्याच्या महिन्याला हातात येणाऱ्या पैशात केवढा फरक. आणि बहुतेक वेळा "त्या वेळी लागू असलेल्या दराने" असंच लिहिलेलं असतं.

दराची गॅरंटी देणाऱ्या कंपन्याही झाल्यात. लंडनची इक्विटेबल लाइफ ही १७६२ पासूनची विमा संस्था, तिने बऱ्याच पॉलिसींवर पेन्शनचा किमान दर लिहून दिला होता. पुढे व्याजदर पडले, लोकांचं आयुर्मान वाढलं आणि ते वचन खूप महाग पडायला लागलं. संस्थेने अशा लोकांचा शेवटचा बोनस कमी करून ते भरून काढायचा प्रयत्न केला, पण २००० साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल विरुद्ध दिला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिला नवीन पॉलिसी विकणं बंद करावं लागलं, नंतर लोकांच्या पॉलिसींमध्ये जमलेली रक्कमही कमी केली गेली. लायसन्स असलेली, नावाजलेली संस्था होती. त्यामुळे कंपनी अडचणीत आली तर तुमच्या देशात भरपाईची योजना आहे का, आणि असेल तर किती रकमेपर्यंत, हेही नियामकाच्याच साइटवर बघून ठेवा.

सहकाऱ्याने शेवटी एजंटला ईमेलवर तीन गोष्टी विचारल्या: चार्जेस कापून वर्षाला किती टक्के, गॅरंटी नेमकी कशावर आणि कुठल्या अटीवर, आणि पाचव्या वर्षी सोडलं तर किती मिळणार. फोनवर उत्तरं लगेच आली, लेखी मात्र आली नाहीत, म्हणून त्याने सही केली नाही. तुमची सही झाली असेल तर पॉलिसी हातात आल्याबरोबर फ्री लूकची मुदत बघा, बऱ्याच देशांत काही दिवसांत ती परत करून किरकोळ कपात सोडून पैसे परत मिळतात, पण ती मुदत संपली की मग तोच सरेंडरचा तक्ता लागू होतो.