तीन, तीन, पाच आणि राजा: आमच्या टीमचा प्लॅनिंग पोकर

जळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आमच्या पाच जणांच्या टीमने स्क्रम पद्धतीने, म्हणजे काम छोट्या ठरावीक मुदतीच्या टप्प्यांत करत जायच्या पद्धतीने, करायचं ठरवलं. अ‍ॅप होतं सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्यासाठी. कुणाच्या वावरातून किती माल कापला, वजन किती भरलं, कोणत्या भावाने पैसे द्यायचे, ही सगळी नोंद मोबाइलवर हवी होती. स्क्रम आमच्यापैकी कुणीच आधी केलेलं नव्हतं. स्प्रिंट म्हणजे दोन आठवड्यांचा एक टप्पा, बॅकलॉग म्हणजे उरलेल्या कामांची यादी, रोजची दहा-पंधरा मिनिटांची मीटिंग हे सगळं पटकन अंगवळणी पडलं. गाडी अडली ती एकाच प्रश्नावर: या दोन आठवड्यांत काम किती घ्यायचं?

तासांत मोजायला बसलो की वाद व्हायचा. एकच स्क्रीन, पण ज्याला अ‍ॅप बनवायचं फ्लटर येतं तो म्हणायचा तीन तास आणि मी म्हणायचे दहा, कारण मी तेव्हा फ्लटर नुकतंच शिकायला घेतलं होतं. दोघांचंही बरोबर होतं. तास माणसागणिक बदलतात आणि काम नेमकं कोण करणार हे त्या दिवशी ठरलेलंही नसतं. मात्र ‘ही स्क्रीन त्या स्क्रीनपेक्षा साधारण दुप्पट मोठी आहे’ यावर आमचं दोघांचं लगेच एकमत व्हायचं. दोन घड शेजारी ठेवले तर जड कोणता हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगतं, किलो मात्र काट्याशिवाय कुणाला सांगता येत नाहीत. वापरणाऱ्याला हव्या असलेल्या एकेका छोट्या कामाला स्टोरी म्हणतात, आणि स्टोरी पॉइंट हे असं शेजारी ठेवून बघणं आहे. त्यात कामाचा पसारा, किचकटपणा आणि अजून न कळलेला भाग, तिन्ही धरायचे असतात.

शेजारी ठेवायला आधी एक ठरलेली स्टोरी लागते. आम्ही ‘गावानुसार शेतकऱ्यांची यादी दाखवणे’ ही निवडली आणि तिला 3 पॉइंट दिले. ती निवडण्याचं कारण साधं होतं. ती नुकतीच पूर्ण झाली होती, तिच्यात थोडं स्क्रीनचं, थोडं सर्व्हरचं आणि थोडं टेस्टिंगचं काम होतं, आणि ती सगळ्यांनी बघितली होती. सगळ्यात छोटं काम 1 धरून सुरुवात केली असती, तर पुढे त्याहून छोटं काम निघाल्यावर खाली जागाच उरली नसती. लॉगिन सुचलं होतं, पण ते सगळ्यांनी कुठून ना कुठून तयार उचललेलं असतं, म्हणून मापाला उपयोगाचं नाही.

प्लॅनिंग पोकर ही पत्ते टाकून कामाचा अंदाज करायची पद्धत जेम्स ग्रेनिंग यांनी 2002 मध्ये मांडली आणि माइक कोन यांच्यामुळे ती सगळीकडे पोहोचली. तिचे पत्ते विकतही मिळतात, पण आम्हाला हॉस्टेलवरचा साधा पत्त्यांचा जोड पुरला. मत देणारे चौघं, म्हणून चार रंग वाटून घेतले. मला बदाम आले. प्रत्येकाने आपल्या रंगातला एक्का, दुर्री, तिर्री, पंजी, अठ्ठी आणि राजा हातात ठेवायचा. राजा म्हणजे 13. मधले आकडे काढून टाकायचे, कारण काम जसं मोठं होतं तसा अंदाज ढोबळ होत जातो आणि 11 की 12 यावर भांडण्यात अर्थ नसतो. राणीचा अर्थ आम्ही ‘स्टोरीच कळली नाही’ असा ठरवला. पाचवी मैत्रीण प्रॉडक्ट ओनर होती. व्यापारी काकांशी बोलणं तिच्याकडे होतं, म्हणून ती स्टोरी वाचायची, प्रश्नांना उत्तरं द्यायची, पण पत्ता टाकायची नाही.

पत्ता उलटा ठेवायचा आणि सगळ्यांनी एकदम उघडायचा, हा या खेळातला सगळ्यात महत्त्वाचा नियम. आमच्यात बॅकएंडवाला, म्हणजे सर्व्हरचं काम बघणारा, सगळ्यात हुशार. त्याने आधी ‘तीन’ म्हटलं असतं तर बाकी तिघांनी मान डोलावली असती. म्हणून स्टोरी वाचताना ‘हे तर सोपंय’ असं म्हणायलाही बंदी केली, कारण ते वाक्यही आकड्यासारखंच काम करतं. दरवेळी चारही पत्ते सारखेच निघत असतील किंवा पत्ता टाकण्याआधी नजरा एकाच चेहऱ्याकडे वळत असतील, तर अंदाज एकाचाच आणि हात चौघांचे आहेत असं समजावं.

आता ती स्टोरी, जिच्यामुळे मला या पद्धतीची खात्री पटली. ‘मुकादमाला कापलेल्या मालाची नोंद वावरातच करता यावी.’ शेतकऱ्याचं नाव, वजन, तारीख, गाडी नंबर, एवढंच. पत्ते उघडले: तिर्री, तिर्री, पंजी आणि राजा.

नियमाप्रमाणे सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा टाकणाऱ्यांनी बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. बॅकएंडवाल्याने सांगितलं, चार रकान्यांचा फॉर्म आहे, एक टेबल आहे, यादीच्या स्टोरीएवढंच काम. राजा टाकला होता रावेरच्या मित्राने. त्याच्या घरची केळी आहे. तो म्हणाला, “वावरात रेंज कुठे राहते? केळीत आत गेलं की फोन बंदच समजा.” म्हणजे नोंद आधी फोनमध्येच साठवायची आणि गाडी रस्त्याला लागून रेंज आली की सर्व्हरला पाठवायची. पाठवताना नोंद पोहोचली, पण पोचपावती येण्याआधी रेंज गेली, तर फोनला वाटणार की नोंद गेलीच नाही आणि तो पुन्हा पाठवणार. एकाच गाडीचं वजन दोनदा चढलं, तर व्यापाऱ्याला पैसेही दोनदा द्यावे लागतील.

खोली शांत झाली. प्रॉडक्ट ओनरने तिथूनच काकांना फोन लावला. रेंजशिवाय चालायला हवंच का? ते म्हणाले, “ताई, नाही चाललं तर मुकादम डायरीतच लिहीन.” उत्तर मिळालं. दुसऱ्या फेरीत तीन अठ्ठ्या आणि एक राजा आला.

पहिल्या फेरीनंतर आम्ही सरासरी काढली असती तर ती बरोबर 6 आली असती. 5 लिहून स्टोरी स्प्रिंटमध्ये गेली असती आणि रेंजचा प्रश्न डेमोच्या आदल्या दिवशी वावरात उभं राहून कळला असता. पत्त्यांमधलं अंतर म्हणजे एकाला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याला माहीत नाही याची खूण असते. म्हणून सरासरी कधीच काढायची नाही. बोलायचं आणि पुन्हा पत्ते टाकायचे. दोन-तीन फेऱ्यांतही जुळलं नाही, तर स्टोरी मोठी आहे किंवा माहिती कमी आहे.

आमची मोठी होती, म्हणून तोडली. आधी सुचलं ते स्क्रीन वेगळी, सर्व्हर वेगळा, टेस्टिंग वेगळं. पण असा एक तुकडा पूर्ण झाला तरी मुकादमाच्या हातात काहीच पडत नाही. म्हणून वापरता येईल अशा तुकड्यांत तोडली: रेंज असताना नोंद करणे 3, रेंज नसताना फोनमध्ये साठवून नंतर पाठवणे 5, आणि तीच नोंद दोनदा आली तर एकदाच धरणे 3. शेवटच्यासाठी फोननेच प्रत्येक नोंदीला स्वतःचा वेगळा क्रमांक द्यायचा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने तो सोडून द्यायचा. बेरीज 11 झाली, दुसऱ्या फेरीत तिघांचा अंदाज 8 होता. ती जुळवायची नसते. तुकड्यांचा अंदाज जास्त माहितीवर केलेला असतो, जुना आकडा फेकून द्यायचा.

पहिल्या स्प्रिंटला आम्ही 21 पॉइंट घेतले. पूर्ण झाले 11. एक 8 पॉइंटची स्टोरी जवळजवळ झाली होती, टेस्टिंग तेवढं राहिलं होतं. तिचे शून्य धरले. हे कठोर वाटतं, पण ‘जवळजवळ’चे सहा पॉइंट मोजायला लागलो की आकड्याचा भरवसा जातो. दुसऱ्या स्प्रिंटला 11च्या आसपास घेतले आणि 13 झाले. तिसऱ्यात इंटर्नल परीक्षा आली, झाले 7. या आकड्यांना व्हेलॉसिटी म्हणतात. परीक्षा, सबमिशन, गावाकडचं लग्न हे सगळं त्यात आपोआप उतरतं, त्यासाठी वेगळे तास वजा करावे लागत नाहीत. पहिल्या एका स्प्रिंटच्या व्हेलॉसिटीवर मात्र काही ठरवू नये, ती फार हलते.

वर्गातली दुसरी एक टीम तेव्हा 40 पॉइंट पूर्ण करत होती आणि आमच्याकडे कुजबुज सुरू झाली. पण त्यांची 3 आणि आमची 3 ही दोन वेगळी मापं, तुलना होऊच शकत नाही. तुलना केली की एकच होतं: आकडे फुगतात. कालची 3ची स्टोरी आज 5 होते, काम तेवढंच राहतं. ते पकडायला आम्ही बोर्डवर तीन पूर्ण झालेल्या स्टोऱ्या कायम लिहून ठेवल्या, 2ची, 3ची आणि 8ची. नवीन स्टोरी आली की आधी त्यांच्या रांगेत बसवून बघायची.

आमच्या गाइडना रिपोर्टमध्ये तास हवे होते. आम्ही त्यांना दाखवलं की स्क्रमच्या अधिकृत पुस्तिकेत, म्हणजे स्क्रम गाइडमध्ये, स्टोरी पॉइंटचा उल्लेखच नाही. पॉइंट वापरा असंही नाही, तास वापरा असंही नाही. अंदाज कसा करायचा ते टीमवर सोडलंय. त्याऐवजी आम्ही त्यांच्यापुढे हे मांडलं. बॅकलॉगमध्ये 52 पॉइंट उरलेत आणि सबमिशनपर्यंत चार स्प्रिंट. सगळ्यात वाईट स्प्रिंटच्या हिशोबाने 28 होतील, सरासरीने 41च्या आसपास, आणि प्रत्येक स्प्रिंट सगळ्यात चांगल्यासारखा गेला तरच 52. बॅकलॉग महत्त्वाच्या क्रमाने लावून 28वर एक रेघ मारली आणि 41वर दुसरी. पहिल्या रेघेच्या वरचं नक्की देतो, दोन रेघांमधलं बहुतेक होईल, खालचं धरू नका. सरांनी कागद ठेवून घेतला आणि तासांचा विषय पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या रेघेखाली दोन स्टोऱ्या होत्या, भावाचा महिन्याचा आलेख आणि शेतकऱ्याला जाणारा एसएमएस. काकांना विचारलं तर त्यांनी एसएमएस वर घ्यायला सांगितला आणि त्याच्याएवढ्याच पॉइंटची पीडीएफ पावती खाली ढकलली. आलेख त्यांनी स्वतःच काढून टाकला. भाव रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येतोच, म्हणाले.