चोवीस हजार लिटर दूध आलं कुठनं?

आज अख्खी सकाळ एका मेलात गेली. साहेबांचा प्रश्न सरळ होता: "गेल्या महिन्याचं संकलन 2 तारखेला 8,40,000 लिटर दाखवलंत, आज 8,64,000 दिसतंय. कसं ओ?"

खानापूरकडच्या केंद्रांची शेवटच्या तीन दिवसांची फाईल नेट नसल्यानं 4 तारखेला चढली. रोज 8,000 प्रमाणे तीन दिवसांचे 24,000. रिपोर्ट संकलनाच्या तारखेवर चालतो, फाईल चढल्याच्या नाही, म्हणून उशिरा आलेलं दूधही गेल्याच महिन्यात बसलं. तसंच बसायला पाहिजे.

फरक जुळला म्हणून मी लगेच मेल पाठवला नाही. तीच फाईल दोनदा चढली तरी आकडा असाच फुगतो. म्हणून केंद्र, तारीख, पाळी आणि उत्पादक क्रमांक धरून नोंदी तपासल्या. एकही दुबार नाही, आणि बाकी केंद्रांचे आकडे 2 तारखेच्या प्रतीशी तंतोतंत. (ती प्रत जपून ठेवली होती म्हणून बरं.)

सरासरी फॅटही 5.10 वरून 5.14 झालं. तिकडचं दूध बहुतेक म्हशीचं, 6.5 फॅटचं, लिटरच्या प्रमाणात सरासरी काढली की तेवढंच येतं.

मेलात पहिल्याच ओळीत जुना आकडा, नवा आकडा आणि कारण लिहिलं. पुढच्या महिन्यापासून 5 तारखेपर्यंत रिपोर्टवर 'तात्पुरता' लिहायचं, असंही सुचवलं.

साहेबांचं उत्तर: "पटलं. पण मीटिंगात जुना आकडा सांगून बसलोय की!"