लेक्चरच्या सबटायटलमधून नोट्स: फंदा नेमका कुठल्या मिनिटाला उभा राहतो?

इथं जर्मनीत वस्त्रतंत्रज्ञान शिकताना बहुतेक लेक्चर्स रेकॉर्ड होतात आणि त्यांच्याबरोबर सबटायटलची फाइलही मिळते. त्यातली जी सगळ्यांसाठी खुली आहेत, त्यांच्या नोट्स मी सोलापुरातल्या माझ्या मावसभावासाठी काढते. तो अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर असतो. त्याची मागणी एकच: "ताई, दीड तासाचा व्हिडिओ नको. फंदा कुठं होतो तेवढंच सांग, मी जेवणाच्या सुट्टीत बघतो." म्हणजे नोट्स वाचूनच त्याला कळलं पाहिजे आणि शंका आली की नेमक्या त्या क्षणावर जाता आलं पाहिजे.

टेरी टॉवेल, म्हणजे ज्यावर धाग्याचे फंदे उभे असतात तो टॉवेल, त्याच्या लेक्चरमधला हा तुकडा बघा:

```
00:12:04.120 --> 00:12:07.480
the first two picks stop short of the felt

00:12:07.480 --> 00:12:11.300
and on the third the pile wrap is slack so

00:12:11.300 --> 00:12:14.050
this one here comes up
```

पुष्कळ जण आधी सगळ्या वेळा पुसून टाकतात आणि मग मजकूर जोडत बसतात. माझ्या मते इथंच नोट्सचा जीव जातो, कारण नंतर कुठलं वाक्य कुठल्या मिनिटाचं हे परत शोधावं लागतं. वर एकच वाक्य तीन तुकड्यांत तुटलंय. तुकडे जोडायचे, पण पहिल्या तुकड्याची सुरुवातीची वेळ, म्हणजे १२:०४, त्या वाक्याला चिकटवून ठेवायची. बाकीच्या वेळा मग खुशाल काढाव्यात. आपोआप तयार झालेल्या काही फाइलींत आधीची ओळ पुढच्या तुकड्यात पुन्हा येते. पडद्यावर ते सरकत्या ओळींसारखं दिसतं, पण जोडल्यावर प्रत्येक वाक्य दोनदा येतं. अशा वेळी जोडण्याआधीच प्रत्येक तुकड्यातली फक्त नवी ओळ ठेवायची.

आता चुका. `wrap` हे खरं तर `warp`, म्हणजे ताणा, कापडातले उभे धागे. `felt` हे `fell`, म्हणजे विणून झालेल्या कापडाची कड, जिथं मागाची फणी नवा बाणा, म्हणजे आडवा धागा, ठोकते. दोन्ही शब्द इंग्रजीत खरेच असल्यामुळे स्पेलिंग तपासणाऱ्याला यात काही वावगं दिसत नाही. म्हणून त्या विषयाच्या दहा-बारा शब्दांची यादी शेजारी ठेवून मी फाइल वाचते आणि शंका आली की तेवढा भाग ऐकते. आकडे आणि `not` मात्र शंका नसली तरी ऐकतेच. पंधराचे पन्नास झाले किंवा नकार गळला, तर वाचताना वाक्य अगदी सरळ वाटतं.

सगळ्यात अवघड ओळ तिसरी: `this one here`. सर बोटानं काय दाखवताहेत हे सबटायटलला माहीत नसतं. तिथं व्हिडिओ थांबवून चित्र बघावं लागतं आणि जे दाखवलं त्याचं नाव लिहावं लागतं. इथं ते फंद्याच्या ताण्याकडे बोट दाखवत होते. हे सगळं जुळवल्यावर नोंद अशी झाली:

[११:५१] तीन बाण्यांच्या टेरीत फंदा कसा उभा राहतो
[१२:०४] पहिले दोन बाणे कडेपासून थोड्या अंतरावर थांबतात. तिसऱ्या बाण्याला फणी पूर्ण ठोकते आणि तिन्ही बाणे एकत्र कडेपर्यंत सरकतात. खालच्या कापडाचा ताणा ताठ असतो, त्यामुळे बाणे त्याच्यावरून घसरतात. फंद्याचा ताणा सैल असतो आणि बाण्यांच्या पकडीत असतो, म्हणून तो त्यांच्याबरोबर ओढला जाऊन वर उचलला जातो. सोडलेलं अंतर जास्त, तर फंदा उंच.

मथळ्याला १२:०४ न देता ११:५१ दिलं, कारण आकृती पडद्यावर तेव्हा आली आणि समजावणं तिथून सुरू झालं. शब्द उच्चारला तिथं उडी मारली, तर ऐकणारा वाक्याच्या मध्येच पडतो. मथळे मी स्लाइड बदलते तिथं पाडते. एकाच स्लाइडवर विषय बदलला, तर सर "आता पुढे" म्हणतात तिथं. मथळ्यात नुसतं 'टेरी विणकाम' असं लिहीत नाही, त्या भागात कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते लिहिते. भावाला त्यावरूनच कळतं की हा भाग उघडायचा की नाही.

पाठवण्यापूर्वी पहिली खूण आणि शेवटची खूण व्हिडिओत उघडून बघते. दोन्ही सारख्याच सेकंदांनी चुकल्या, तर बहुधा रेकॉर्डिंगची सुरुवात नंतर कापलेली असते. सगळ्या वेळांतून तेवढे सेकंद वजा केले की काम झालं. पहिली बरोबर आणि पुढे फरक वाढत गेला, तर व्हिडिओ मधेमधे कापलेला असतो किंवा त्याचा वेग वेगळा असतो. मग वजाबाकीनं भागत नाही, त्याच व्हिडिओची सबटायटल फाइल नव्यानं उतरवून घ्यावी लागते.